पलटणीतील हुन्नर आणि गावाकडील दाखला

पलटणीतून कायमचा घरी परतणारा जवान आपल्याबरोबर एक काळी लोखंडी पेटी आणतो. पेटीवर पांढऱ्या रंगाने त्याचे नाव, हुद्दा आणि क्रमांक लिहिलेला असतो. पेटीत गणवेश, पदके, एखादे घोंगडे आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेले कागद असतात. मोहगावासारख्या गावात ही पेटी उघडली की घरची माणसे पदके पाहतात. कागदांकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक पुढील वीस-बावीस वर्षांचा संसार कसा चालेल, हे पदकांपेक्षा त्या कागदांवरच अधिक ठरत असते.

मोहगाव हे सौंसर तालुक्यातील गाव. बोली मराठी, बाजार आणि सोयरीक नागपूरकडची. परंतु राज्य मध्य प्रदेशचे. त्यामुळे येथील माजी सैनिकाचे कागद तीन भाषांत विखुरलेले असतात. शाळा मराठी असेल तर शाळेचा दाखला मराठीत, जिल्हा कार्यालयाचे पत्र हिंदीत आणि सैन्याचे डिस्चार्ज बुक इंग्रजीत. तीन ठिकाणी त्याचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असण्याचाही संभव असतो. त्याने सतरा वर्षे जे काम केले त्याला सैन्यात एक नाव होते. त्याच कामाला नागरी जगात दुसरे नाव आहे. पहिल्या नावाचे दुसऱ्या नावात रूपांतर होते कसे, कोठे होते आणि कोठे होत नाही, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

हा प्रश्न आजचा नाही. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लाखो हिंदी सैनिक घरी परतू लागले आणि त्यांना कामाला लावण्यासाठी सरकारने १९४५ साली पुनर्वसन व रोजगाराचे खाते उभे केले. आज ज्याला आपण सेवायोजन कार्यालय म्हणतो त्याचा जन्म या खात्यात झाला. ही कार्यालये सर्व बेकारांसाठी खुली झाली ती १९४८ साली. मुळात ती सैनिकांसाठी होती. तेथील कारकुनापुढे पहिल्या दिवसापासून एकच अडचण होती. समोरचा माणूस सैन्यातील आपल्या कामाचे नाव सांगे, आणि गिरणीचा मालक मागे तो फिटर किंवा वायरमन. या दोघांना जुळवण्यासाठी कामांची एक समान यादी हवी होती. अशी राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणाची यादी १९५८ साली प्रथम तयार झाली. तिची २०१५ सालची आवृत्ती जागतिक वर्गीकरणाशी जुळवलेली असून तिच्यात जड मालमोटार चालवणाऱ्यांचा गट ८३३२ या क्रमांकाखाली आणि मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा गट ७२३१ या क्रमांकाखाली येतो. सैनिकाची नोंदणी करताना त्याच्या लष्करी कामासमोर यांतील योग्य क्रमांक लागणे ही रूपांतराची पहिली पायरी होय. परंतु ती पहिलीच पायरी आहे. क्रमांकाने माणूस यादीत बसतो. त्याला पात्रता मिळते ती निरनिराळ्या कायद्यांनी आणि नियमांनी.

हे स्पष्ट व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पू. मोहगावचा एक मुलगा दहावी उत्तीर्ण होऊन एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये तो मोटारचालक झाला. त्याने डोंगरी रस्त्यांवर अवजड गाड्या हाकल्या, वाटेत बिघडलेले इंजिन स्वतः उघडून दुरुस्त केले, नाईक झाला, आणि सतरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन घेऊन छत्तिसाव्या वर्षी घरी आला. त्याच्याजवळ विकण्याजोग्या तीन गोष्टी आहेत : गाडी चालवण्याची कला, दीर्घ सेवा आणि दुरुस्तीचे ज्ञान. या तिन्हींचे रूपांतर करण्याचे मार्ग वेगळे आहेत, आणि एकाचा कागद दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

प्रथम गाडीचा परवाना. सैन्यातील चालकाला जो परवाना मिळतो तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८ व्या कलमाखालील असतो. तो साऱ्या देशात चालतो, परंतु केवळ सरकारच्या संरक्षणविषयक गाड्यांसाठी. त्याच्या बळावर शेजाऱ्याचा संत्र्यांचा ट्रक नागपूरच्या बाजारात नेला तर तो विनापरवाना चालवल्यासारखाच होईल. दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम हेच बोट दाखवील. मात्र त्याच कायद्याच्या ९ व्या कलमात एक सोय आहे. ज्याच्याजवळ १८ व्या कलमाखालील परवाना आहे किंवा पूर्वी होता, त्याला त्याच प्रकारच्या गाडीसाठी नागरी परवाना घेताना चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. परिवहन कार्यालयाकडे लष्करी परवाना, वयाचा व राहण्याचा पुरावा आणि १-क नमुन्यातील डॉक्टरी दाखला द्यावयाचा असतो. परीक्षा माफ होते, डॉक्टरी तपासणी माफ होत नाही.

यात घोटाळा होतो तो ‘त्याच प्रकारच्या गाडीसाठी’ या शब्दांमुळे. लष्करी परवान्यावर ज्या गाड्यांची नोंद आहे तेवढ्याच गाड्यांना ही सूट लागू होते. हाताखाली चार प्रकारच्या गाड्या गेल्या, पण परवान्यावर दोनच लिहिल्या, तर दोनच मिळतात. म्हणून पलटण सोडण्यापूर्वी परवान्यावरील नोंदी तपासून त्या पूर्ण करून घ्याव्यात आणि युनिटकडून गाडीचा प्रकार व चालवल्याचा काळ सांगणारे पत्रही घ्यावे. शिवाय ज्याने सैन्यात इंधनाचे टँकर चालवले त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, नागरी रस्त्यावर पेट्रोल किंवा तत्सम धोकादायक माल वाहून नेण्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागते व परवान्यावर तशी नोंद असावी लागते. लष्करातील अनुभव या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

आता दुसरी गोष्ट, दीर्घ सेवा. या ठिकाणी जेवढी सोय आहे तेवढाच गैरसमजही आहे. सैनिकांत असे सर्रास बोलले जाते की, ‘पंधरा वर्षे झाली की पदवी मिळते.’ पदवी मिळत नाही. केंद्र सरकारचे माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीचे १९७९ चे नियम सांगतात ते असे : जो माजी सैनिक मॅट्रिक आहे, किंवा ज्याने सैन्याचे मॅट्रिकच्या बरोबरीचे विशेष शिक्षण-प्रमाणपत्र मिळवले आहे, आणि ज्याची सेवा पंधरा वर्षांहून कमी नाही, त्याला ‘क’ गटातील राखीव जागांपैकी अशा पदांसाठी पात्र समजता येईल की ज्यांना एरवी पदवी लागते. त्यातही अट अशी की, त्या पदासाठी तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक नसावा. आणि अतांत्रिक अनुभव आवश्यक असलाच, तर थोड्या दिवसांच्या शिक्षणाने हा मनुष्य ते काम करू शकेल अशी नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी.

या एका वाक्यात चार कुंपणे आहेत. जागा राखीव हवी. पद ‘क’ गटाचे हवे. त्याला तांत्रिक अनुभवाची अट नको. आणि शेवटचा शब्द नेमणूक करणाऱ्याचा. रेकॉर्ड ऑफिसकडून मिळणारा पदवीसमान दाखला हा या चार कुंपणांच्या आत चालणारा कागद आहे. आपला नाईक त्याच्या आधाराने पदवी मागणाऱ्या केंद्रीय कारकुनी पदाची स्पर्धा-परीक्षा देऊ शकेल. सरकारी बँकांच्या कारकुनी भरतीतही अशाच स्वरूपाची सवलत असते. पण त्याच दाखल्यावर त्याला एम. ए. ला प्रवेश मागता येणार नाही, बी. एड. करता येणार नाही, किंवा ‘ब’ गटाचे पद मागता येणार नाही. असे अर्ज केले जातात, परीक्षाही दिली जाते, आणि कागद तपासणीच्या दिवशी नाव कापले जाते. तोपर्यंत एक वर्ष गेलेले असते. ज्याला खरोखर पदवी हवी असेल त्याने ती मुक्त विद्यापीठातून रीतसर घ्यावी. तिला कुंपण नाही.

सेवेचा दुसरा उपयोग वयासाठी होतो. नियम असा की, माजी सैनिकाच्या प्रत्यक्ष वयातून सेवेची वर्षे वजा करावयाची आणि उरलेले वय पदाच्या कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक असू नये. समजा, एखाद्या पदाची मर्यादा २७ आहे आणि आपला नाईक आज ३७ वर्षांचा आहे. ३७ मधून १७ वजा केले की उरतात २०; मर्यादा २७ अधिक ३, म्हणजे ३०. तो सहज बसतो. हाच हिशेब थोडा उलटून पाहिला तर त्यातील मर्म कळते. सेवेची वर्षे वजा केल्यावर जे उरते ते म्हणजे भरती होतानाचे वय अधिक घरी आल्यानंतरचा काळ. नाईक एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. म्हणून या पदासाठी त्याला निवृत्तीनंतर अकरा वर्षे आहेत. जो तेविसाव्या वर्षी भरती झाला त्याला सातच. सैन्यात किती वर्षे काढली यावर ही मुदत अवलंबून नाही. ती घरी आल्या दिवसापासून सरू लागते. ‘आधी घर बांधू, मुलीचे लग्न करू, मग नोकरी पाहू’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

केंद्राच्या थेट भरतीत ‘क’ गटात दहा टक्के आणि पूर्वीच्या ‘ड’ गटात वीस टक्के जागा माजी सैनिकांसाठी आहेत. सरकारी बँका व केंद्रीय उद्योग यांत हे प्रमाण अनुक्रमे साडेचौदा व साडेचोवीस टक्के आहे. त्यांपैकी साडेचार टक्के जखमी होऊन अपंग झालेल्या सैनिकांसाठी व हुतात्म्यांच्या कुटुंबीयांसाठी असतात. राज्यांचे नियम मात्र आपापले आहेत. सीमेवरच्या गावाला हे विशेष जाणवते. महाराष्ट्रात ‘क’ व ‘ड’ गटांत पंधरा टक्के जागा माजी सैनिकांसाठी आहेत हे मोहगावकर नागपूरच्या आप्तांकडून ऐकतो; परंतु तो रहिवासी मध्य प्रदेशचा. महाराष्ट्राच्या सेवेत अर्ज करताना अधिवासाचा प्रश्न आड येतो, आणि त्याचे नाव व त्याचे हक्क आपल्याच राज्यात, आपल्याच जिल्ह्याच्या सैनिक कल्याण यंत्रणेत नोंदलेले असावे लागतात. पांढुर्णा २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा पत्त्यातील जिल्ह्याचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, दुरुस्तीचे ज्ञान. येथे रूपांतर सर्वांत अवघड आहे, कारण कारखान्याच्या जाहिरातीत बहुधा ‘राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र’ असे स्पष्ट शब्द असतात. हे प्रमाणपत्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा दिल्यावर मिळते. अनुभवी कामगारांना या परीक्षेस खासगी उमेदवार म्हणून बसण्याची वाट आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेल्या असतात. दुसरी वाट पूर्वानुभवाच्या मान्यतेची. तीत हाताचे काम तपासून, २०१३ साली लागू झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीतील एखाद्या पायरीचे प्रमाणपत्र दिले जाते. हे दुसरे प्रमाणपत्र लवकर मिळते आणि खासगी गॅरेजात किंवा मोटार कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रात उपयोगी पडते. परंतु जाहिरातीत पहिल्याचे नाव असेल तर दुसरे पुढे करून चालत नाही. कोणते प्रमाणपत्र मिळवावयाचे हे म्हणून अगोदर जाहिराती पाहून ठरवावे. पुनर्वसन महानिदेशालय निवृत्तीपूर्वी जवानांसाठी अभ्यासक्रम चालवते, आणि जवानांची फी सरकार भरते; तो निवडतानाही शेवटी हाती कोणते प्रमाणपत्र पडणार, हाच प्रश्न विचारावा.

काही कामे अशी आहेत की तेथे कोणतीच बरोबरी लागू होत नाही. याचे उदाहरण मोहगावापासून फार दूर नाही. छिंदवाड्याच्या पेंच व कन्हान भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या खाणी आहेत. इंजिनिअर पलटणीत ज्याने वर्षानुवर्षे सुरुंग लावले त्याला वाटते की, खाणीत सुरुंग उडवण्याचे काम आपल्याला सहज मिळावे. परंतु कोळसा खाणींचे विनियम ते काम फक्त खाण-सुरक्षा खात्याचे पात्रता-प्रमाणपत्र असलेल्या माणसालाच करू देतात. याचे कारण द्वेष किंवा अडवणूक नव्हे. खडक फोडताना जो धोका नसतो तो कोळशाच्या थरात असतो. तेथे ज्वालाग्राही वायू असतो आणि उडालेली कोळशाची धूळ स्वतः पेटते. सैनिकाला दारू माहीत असते, खाणीतील हवा माहीत नसते. परीक्षा त्या हवेची असते. वीजतंत्र्याच्या राज्य परवान्याची गोष्टही याच जातीची आहे. जेथे दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी परवानाधारकावर कायद्याने टाकलेली असते, तेथे सेवेचा दाखला आदराने वाचला जातो, पण परवान्याऐवजी स्वीकारला जात नाही.

या तिन्ही रूपांतरांच्या मुळाशी एकच कागद आहे, तो म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यात सेवेचा काळ, काम व त्याची श्रेणी, शिक्षण, वर्तणूक आणि शरीरप्रकृतीची प्रत या नोंदी असतात. हे पुस्तक भरले जाते ते सेवेच्या अभिलेखावरून, आणि अभिलेखात गोष्ट जाते ती ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाल्यावर. जवानाने श्रेणीची परीक्षा दिली, तो उत्तीर्ण झाला, उस्तादांनी पाठही थोपटली. पण त्याचा पार्ट टू ऑर्डर निघाला नाही, तर कागदोपत्री ती परीक्षा झालीच नाही. नावाचेही तसेच. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर अनेकदा आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असते. सैन्यात भरती होताना केवळ स्वतःचे नाव व आडनाव लिहिले जाते, आणि त्यातही इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. सेवेत असताना ही दुरुस्ती युनिटच्या कचेरीत होते. निवृत्तीनंतर तीच दुरुस्ती दूरच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून करावी लागते, आणि मधल्या काळात एखाद्या भरतीची मुदत टळते. म्हणून शेवटच्या वर्षात जवानाने आपला अभिलेख पाहण्यास मागावा व शाळेचा दाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नियमही याला अनुकूल आहेत. ज्याची सेवा एका वर्षाच्या आत संपणार आहे त्याला सेवेत असतानाच नागरी पदांसाठी अर्ज करता येतो.

शेवटी एक धोका सांगितला पाहिजे, कारण तो चांगल्या बातमीच्या रूपाने येतो. नाईक घरी आल्यावर सहा महिन्यांत त्याला जवळच्याच एखाद्या केंद्रीय कार्यालयात शिपायाची कायम नोकरी मिळाली. घरात पेढे वाटले गेले. त्याच सुमारास त्याने बँकेच्या कारकुनीसाठी परीक्षा दिली होती. आता नियम असा आहे की, माजी सैनिकाने राखीव जागेवर नागरी सरकारी नोकरी कायमची स्वीकारली की पुनर्नियुक्तीपुरता त्याचा माजी सैनिकाचा दर्जा संपतो. वयाची सवलत काही बाबतींत राहते. राखीव जागा मात्र राहत नाही. यातून सुटण्याची वाट केंद्र सरकारने १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने ठेवली आहे : रुजू होण्यापूर्वी जेथे जेथे अर्ज केले होते त्यांची तारीखवार यादी रुजू होताच नव्या कार्यालयास लेखी द्यावयाची. ती दिली असेल तर त्या आधीच्या अर्जांपुरता राखीव जागेचा हक्क शाबूत राहतो. दिली नसेल तर बँकेचा निकाल अनुकूल लागूनही उपयोग होत नाही. एका कागदाची किंमत शिपाई आणि कारकून यांच्या आयुष्यभराच्या पगारातील फरकाएवढी असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. खासगी किंवा कंत्राटी कामाने हा दर्जा जात नाही, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात ट्रक चालवण्यास हरकत नाही. परवाना मात्र नागरी हवा.

२०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी परतणाऱ्या तरुणांना हे सारे जसेच्या तसे लागू होणार नाही. त्यांना पेन्शन नाही आणि पंधरा वर्षांची सेवाही नाही. त्यामुळे १९७९ च्या नियमांतील माजी सैनिकाच्या व्याख्येत ते बसत नाहीत आणि पदवीसमान दाखल्याचा मार्गही त्यांना नाही. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. दहावी उत्तीर्ण अग्निवीरास राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचे प्रमाणपत्र घेता येते, आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या खास पदवीक्रमात निम्मे गुण-भार सेवेतील शिक्षणाबद्दल धरले जातात. ही मात्र खरी पदवी आहे. तथापि तिचा अर्धा भाग त्याने स्वतः अभ्यास करून पुरा करावयाचा असतो. ज्याने चार वर्षे पुस्तक उघडले नाही त्याच्या हाती अर्धी पदवी राहील, आणि अर्धी पदवी कोणत्याच जाहिरातीत मागितलेली नसते.

पलटणीत माणसाची परीक्षा त्याच्या कामावरून होते. बिघडलेली गाडी सुरू झाली की प्रश्न मिटला. गावाकडे गाडी सुरू करण्यापूर्वी कागद विचारला जातो. पेटीच्या तळाशी असलेले मेणकापड म्हणून पहिल्याच आठवड्यात उघडावे, परवाना, डिस्चार्ज बुक आणि शाळेचा दाखला एका ओळीत मांडावेत, आणि तिन्हींवर एकाच माणसाचे नाव आहे की नाही, एवढे आधी पाहावे.